सामना न खेळताच खाली कसे आलो?
मुलांच्या फुटबॉल लीगमध्ये संघ वर कधी जातो, खाली कधी येतो : पालकांसाठी थोडं समजावून

गेल्या वर्षी मार्चमध्ये एका रविवारी रात्री इंग्लंडहून आपाचा फोन आला. आवाज चढलेला. "अरे, शुक्रवारी आम्ही दुसरे होतो. आज तिसरे आहोत. पंचवीस गुण होते, ते एकोणीस झाले. आणि मधे आमचा एकही सामना झाला नाही! मुलानं काही गुन्हा केलाय का, काही दंड लागलाय का, काही कळायला मार्ग नाही. कोच म्हणतो, नियम आहे. कसला नियम?"

माझा भाचा तिथे मुलांच्या एका क्लबात तेरा वर्षांखालच्या गटात खेळतो. आमच्या कोकणातली बरीच घरं पिढ्यान् पिढ्या ब्रिटनमध्ये आहेत आणि त्यांची मुलं शनिवार-रविवारी चिखलात फुटबॉल खेळत मोठी होतात. मी स्वतः तिकडे असताना काही वर्षं अशाच एका क्लबाचा सचिव म्हणून बिनपगारी काम केलं. त्या काळात सगळ्यात जास्त प्रश्न आले ते मुलाच्या खेळाबद्दल नाही, तर या गुणतालिकेबद्दल. पालक दर रविवारी मैदानाच्या कडेला उभे असतात, पण वरच्या डिव्हिजनमध्ये कोण जाणार हे ठरतं कुठे आणि कसं, हे त्यांना कुणी सांगत नाही. आपाला त्या रात्री मी जे समजावलं, तेच इथे लिहितो. संघांची नावं मुद्दाम देत नाही. भाच्याचा संघ तो लाल, त्यांच्याशी चढाओढ असलेला तो पिवळा आणि ज्याच्यामुळे हे सगळं घडलं तो हिरवा.

आधी मुलाचा गट कोणता, ते. इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्टची मध्यरात्र ही रेघ आहे, तिथल्या शाळेच्या वर्षासारखीच. २०२४-२५ च्या मोसमात तेरा वर्षांखालचा म्हणजे १ सप्टेंबर २०११ ते ३१ ऑगस्ट २०१२ या काळात जन्मलेला मुलगा. मोसम सप्टेंबरात सुरू होऊन एप्रिल-मेपर्यंत चालतो, आणि पुढच्या सप्टेंबरात तोच सगळा घोळका चौदा वर्षांखाली जातो. ही बाब आत्ता साधी वाटेल, पण शेवटी तिच्याकडे परत यावं लागणार आहे.

दुसरं, अकरा वर्षांखालच्या गटापर्यंत तिथे गुणतालिका छापतच नाहीत. लहान मुलांना पाच-पाच, सात-सात, नऊ-नऊ जणांचे सामने खेळू द्यायचे, पण कोण कितवा हे जाहीर करायचं नाही, असं फुटबॉल असोसिएशननं ठरवलं. त्यासाठी २०१२ मध्ये मतदान झालं होतं. म्हणून बारा वर्षांखालच्या गटात पोचल्यावर पालकांना पहिल्यांदा ती यादी दिसते, आणि तिथूनच घरातली झोप उडते.

यादी इंटरनेटवर Full-Time नावाच्या पानावर दिसते. त्यात रकाने असतात : P म्हणजे खेळलेले सामने, W जिंकलेले, D बरोबरीत सुटलेले, L हरलेले, GD म्हणजे गोलफरक, आणि Pts म्हणजे गुण. जिंकला तर तीन, बरोबरीला एक, हरला तर शून्य. (जिंकल्यावर तीन गुण ही पद्धत इंग्लंडच्या मोठ्या लीगनं १९८१ मध्ये आणली. त्याआधी दोनच मिळायचे, म्हणून बऱ्याच संघांना बरोबरीत समाधान असायचं.) गोलफरक म्हणजे आपण केलेले गोल वजा आपल्यावर झालेले. पालक सहसा शेवटचा रकाना तेवढा बघतात. माझा सल्ला असा की आधी पहिला बघा. दोन संघांचे गुण पंचवीस-तेवीस दिसतात, पण एकाचे बारा सामने झालेत आणि दुसऱ्याचे दहाच, तर मागे दिसणारा संघ खरं म्हणजे पुढे असू शकतो.

आता वर-खाली जाण्याचा मूळ नियम. एका वयोगटात पुष्कळ संघ असले की लीग त्यांच्या पायऱ्या करते : पहिली डिव्हिजन, दुसरी, तिसरी. मोसम संपला की खालच्या पायरीवरचे पहिले काही संघ वर जातात, वरच्या पायरीवरचे शेवटचे काही खाली येतात. बऱ्याच ठिकाणी दोन वर, दोन खाली असा हिशोब असतो. हे आपोआप होतं, त्यासाठी वेगळा सामना नाही.

आपोआप का, त्यामागे एक जुनी गोष्ट आहे, आणि ती मला फार आवडते. इंग्लंडच्या मोठ्या लीगमध्ये १८९३ पासून पाच-सहा वर्षं वर-खाली जाण्यासाठी मोसमाच्या शेवटी खास कसोटी सामने होत. वरच्या डिव्हिजनचे शेवटचे आणि खालच्या डिव्हिजनचे पहिले एकमेकांशी भिडत. १८९८ मध्ये शेवटच्या सामन्यात स्टोक आणि बर्नली समोरासमोर आले. गंमत अशी की बरोबरी झाली तर दोघांनाही वरची जागा मिळणार होती. मग काय होणार? सामना शून्य-शून्य सुटला, आणि गोल करायचा प्रयत्न दोन्हीकडून कुणी फारसा केलाच नाही अशी बोंब झाली. लीगनं ते कसोटी सामने बंद केले, वरची डिव्हिजन अठरा संघांची केली, त्यात चारही संघांना सामावून घेतलं, आणि पुढे थेट गुणतालिकेवरून वर-खाली करायला सुरुवात केली. म्हणजे आज मुलांच्या लीगमध्ये जो नियम आहे तो सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या माणसांच्या चलाखीतून आलेला आहे.

मुलांच्या लीगसाठी फुटबॉल असोसिएशननं एक नमुना नियमावली केलेली आहे आणि मान्यता हवी असेल तर प्रत्येक लीगला ती घ्यावी लागते. या नियमावलीत बराचसा मजकूर पक्का आहे, पण काही जागा रिकाम्या सोडलेल्या आहेत. त्या प्रत्येक लीगनं आपापल्या भरायच्या. किती संघ वर जाणार, किती खाली, गुण सारखे झाले तर आधी काय बघायचं, या गोष्टी लीगप्रमाणे बदलतात. म्हणून शेजारच्या गावातल्या नातेवाइकानं सांगितलेला नियम आपल्या मुलाच्या लीगला लागू असेलच असं नाही. मोसम सुरू होताना आपल्या लीगची नियमपुस्तिका उघडून एवढ्या तीन जागा वाचल्या तरी पुढचे निम्मे वाद वाचतात. मी सचिव असताना ती पुस्तिका चाळीसेक पालकांना पाठवायचो, आणि प्रामाणिकपणे सांगतो, वाचणारे दोन-तीनच असायचे. गुण कमी झाले की मग बाकीचे मागायचे.

आता आपाच्या फोनकडे येऊ.

भाच्याच्या डिव्हिजनमध्ये आठ संघ होते. प्रत्येकानं दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. म्हणजे प्रत्येकाचे चौदा सामने. वर जाणार होते दोन संघ. पहिला संघ इतका पुढे होता की त्याची जागा ठरल्यातच जमा होती. चुरस दुसऱ्या जागेसाठी होती. त्या शुक्रवारी लाल संघाचे बारा सामने झाले होते : आठ जिंकले, एक बरोबरीत, तीन हरले. गुण पंचवीस, गोलफरक अधिक सतरा. पिवळ्याचेही बारा सामने झाले होते : सात जिंकले, दोन बरोबरीत, तीन हरले. गुण तेवीस, गोलफरक अधिक बारा. लाल दोन गुणांनी पुढे.

हिरव्या संघाची मात्र हालत वाईट होती. थोडी मुलं सोडून गेली, कोचची नोकरी बदलली, आणि नऊ सामने खेळून तो संघ लीगमधून बाहेर पडला. मुलांच्या लीगमध्ये हे दरवर्षी कुठे ना कुठे होतं. मोठ्यांच्या क्लबासारखी यांच्याकडे राखीव फळी नसते. चार घरं दुसऱ्या गावी राहायला गेली की संघ मोडतो.

इथे ती नियमावली बोलायला लागते. एखादा संघ आपल्या सामन्यांपैकी पंचाहत्तर टक्के सामने पूर्ण करण्याआधी बाहेर पडला, तर त्याचे सगळे निकाल तालिकेतून पुसून टाकायचे. चौदाचे पंचाहत्तर टक्के म्हणजे साडेदहा, म्हणजे निदान अकरा सामने हवेत. हिरव्याचे झाले होते नऊ. त्यामुळे त्याच्याविरुद्ध ज्यानं जे कमावलं किंवा गमावलं, ते सगळं गेलं.

लाल संघ हिरव्याशी दोन्ही सामने खेळून मोकळा झाला होता आणि दोन्ही जिंकला होता, एक ५-० आणि एक ४-०. ते सहा गुण गेले, नऊ गोलांचा फरक गेला. पंचवीसचे एकोणीस झाले, अधिक सतराचे अधिक आठ. पिवळा संघ हिरव्याशी एकदाच खेळला होता आणि त्या दिवशी त्यांची मुलं आळसावली असावीत, कारण ते १-२ असे हरले होते. ती हार पुसली गेली. गुण तेवीसचे तेवीसच राहिले, हरलेले सामने तीनाचे दोन झाले, गोलफरक एकानं वाढून अधिक तेरा झाला. सकाळपर्यंत दोन गुणांनी मागे असलेला पिवळा आता चार गुणांनी पुढे. 

आपाचं म्हणणं असं की हा अन्याय आहे. मुलांनी पावसात खेळून मिळवलेले गुण असे कसे काढून घेता? तिचा राग मला समजतो. पण उलटं करून बघा. हिरव्याचे निकाल तसेच ठेवले असते, तर ज्या संघांचे हिरव्याशी दोन सामने झाले त्यांना दोनदा गुण मिळवायची संधी मिळाली, ज्यांचा एकच झाला त्यांना एकदा, आणि ज्यांचा एकही झाला नव्हता त्यांना काहीच नाही. संघ मोडत आला की शेवटचे सामने तो नऊ-दहा मुलं घेऊन खेळतो आणि मोठ्या फरकानं हरतो. त्या वेळी ज्याची गाठ पडेल त्याची चांदी. पुसून टाकल्यावर निदान उरलेल्या सात संघांचे बारा-बारा सामने होतात, सगळ्यांची मोजपट्टी एकच राहते. हिरव्यानं अकरा सामने पूर्ण करून मग सोडलं असतं, तर झालेले निकाल राहिले असते. दोन सामन्यांचा फरक. मला विचाराल तर पंचाहत्तर टक्क्यांची रेघ कुठेतरी ओढावीच लागते, आणि ती ओढली की तिच्या कडेला कुणीतरी सापडतोच. या वेळी आमचा भाचा सापडला.

मग उरलं काय होतं? लाल संघाचे दोन सामने, पिवळ्याचा एक. लालनं त्यातला पहिला शून्य-शून्य बरोबरीत सोडवला. गुण वीस, गोलफरक अधिक आठच. आणि शेवटचा सामना लाल विरुद्ध पिवळा.

लाल जिंकला तर तेवीस, आणि पिवळा हरला तर तेवीसच. दोघे सारखे. आता नियमपुस्तिकेतली ती तिसरी रिकामी जागा महत्त्वाची झाली : गुण सारखे झाले तर काय बघायचं?

या लीगनं तिथे गोलफरक लिहिला होता. लालचा अधिक आठ, पिवळ्याचा अधिक तेरा, म्हणजे पाचाचं अंतर. पण दोघे एकमेकांशीच खेळत असताना प्रत्येक गोलानं अंतर दोननं कमी होतं, कारण लालचा फरक एकानं वाढतो तेव्हाच पिवळ्याचा एकानं घटतो. लाल दोन गोलांनी जिंकला तर लाल अधिक दहा, पिवळा अधिक अकरा. पिवळा वर. लाल तीन गोलांनी जिंकला तर लाल अधिक अकरा, पिवळा अधिक दहा. लाल वर. म्हणजे भाच्याच्या संघाला नुसतं जिंकून भागणार नव्हतं, तीन गोलांनी जिंकायला हवं होतं.

दुसऱ्या एखाद्या लीगमध्ये याच जागी एकमेकांतल्या सामन्यांचा निकाल आधी बघतात. लाल आणि पिवळ्याचा पहिला सामना १-१ सुटला होता. तो नियम असता तर या सामन्यात एका गोलानं जिंकूनही लाल वर गेला असता. तीच मुलं, तोच सामना, तेच गुण, पण एका ठिकाणी एक गोल पुरेसा आणि दुसऱ्या ठिकाणी तीन. आणि काही लीग गुण सारखे झाल्यावर वेगळा निर्णायक सामना ठेवतात. यातलं कुठलं बरोबर, कुठलं चूक असं नाही. पण ते मोसमाआधी छापलेलं असतं, आणि शेवटच्या सामन्याच्या आधी कोचला ठाऊक असायलाच हवं. दोन गोलांनी पुढे असताना मुलांना मागे थांबवायचं की पुढे धाडायचं, हे त्यावरच ठरतं. आघाडी सांभाळत बसलेला आणि मग सामना संपल्यावर हिशोब कळून डोक्याला हात लावलेला एक कोच मी स्वतः पाहिलाय.

गोलफरकाला एक वाईट बाजूही आहे, ती सांगून ठेवतो. तो लागू असला की दुबळ्या संघावर दहा-बारा गोल चढवण्याचा मोह होतो, कारण प्रत्येक गोल कधीतरी कामाला येईल असं वाटतं. त्या लहान मुलांचं त्या दिवशी काय होतं ते बघवत नाही. लहान गटांत म्हणूनच बऱ्याच ठिकाणी चार गोलांनी मागे पडलेल्या संघाला एक जादा खेळाडू उतरवू देतात. तालिका सुरू होणाऱ्या मोठ्या गटात ते कोचच्या शहाणपणावर राहतं.

आता आपल्या घरांशी जास्त संबंध असलेली एक बाब. २०२५ मध्ये रमजान मार्च महिन्यात होता, म्हणजे नेमका मोसमाच्या शेवटच्या चढाओढीत. आणि ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी ईद ३० मार्चला झाली, काही ठिकाणी ३१ ला. ३० मार्च रविवार होता, मुलांच्या सामन्यांचा दिवस. लाल संघात सहा मुलं आपल्या घरांतली. अकरा जणांच्या सामन्यात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरूच होऊ शकत नाही, आणि संघ आला नाही तर समिती सामना समोरच्याला बहाल करू शकते. तालिकेत तो नुसता विजय म्हणून नोंदला जातो आणि तीन गुण जातात, त्यात गोल मोजायला काही उरत नाही. अटीतटीच्या तालिकेत असा एक बहाल सामना सगळा मोसम फिरवू शकतो.

चंद्राचा निर्णय आदल्या रात्री कळतो आणि लीगला सामना पुढे ढकलायला आधी सूचना लागते. शनिवारी रात्री "उद्या ईद आहे" असा मेसेज टाकला तर लीगचा माणूस सहानुभूतीनं वाचेल, पण नियमानं त्याला फारसं काही करता येत नाही. आपाच्या क्लबानं या वेळी शहाणपणा केला. फेब्रुवारीतच कोचनं सामने लावणाऱ्या सचिवाला लिहून कळवलं की ३० आणि ३१ मार्च, दोन्ही दिवस ईदचे असू शकतात, आमची निम्मी मुलं नसतील, सामना त्या रविवारी लावू नका. लीगनं तो सामना एप्रिलमध्ये घेतला, कुणाचा एक गुणही गेला नाही. हे काम एका पालकानं परस्पर लीगला फोन करून होत नाही. लीग फक्त क्लबाच्या सचिवाचं ऐकते, पालकांचं नाही. तक्रार असो, विनंती असो, तारीख असो, सगळं क्लबातून. समितीच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची तरी क्लबानंच, ठरलेल्या मुदतीत आणि शुल्क भरून.

गुण जाण्याची आणखी एक वाट आहे, आणि ती पालकांच्याच हातून उघडते. नोंदणी न झालेला किंवा वयात न बसणारा मुलगा खेळवला तर त्या सामन्याचे गुण कापले जाऊ शकतात. मुलगा लहान असला आणि वरच्या वयोगटात खेळला तर बऱ्याचदा चालतं, मोठा मुलगा खालच्या गटात मात्र चालत नाही. जन्मतारखेचा कागद वेळेवर न देणारे पालक क्लबाला घोर लावतात, हे अनुभवानं सांगतो. एका वर्षी आमच्या क्लबाचे तीन गुण असेच गेले. मुलगा पात्र होता, कागद आमच्याकडे पोचलाच नव्हता.

शेवटचा सामना एप्रिलच्या अखेरीस झाला. आपा मैदानावरूनच मला फोनवर सांगत होती. अर्ध्या वेळेला १-०. मग पन्नासाव्या मिनिटाच्या आसपास २-०. तिसऱ्या गोलासाठी मुलांनी जीव टाकला. एक फटका खांबाला लागून परत आला. सामना २-० सुटला. दोघांचे तेवीस गुण, पिवळा अधिक अकरा, लाल अधिक दहा. पिवळा वर गेला. भाचा गाडीत बसून घरापर्यंत एक शब्द बोलला नाही.

मोठ्यांच्या लीगमध्ये गोष्ट इथे संपली असती. मुलांच्या लीगमध्ये ती जूनमध्ये पुन्हा उघडते, आणि हाच भाग पालकांना सगळ्यात कमी माहीत असतो.

सुरुवातीला म्हटलं ना, सगळा घोळका एक वर्ष पुढे सरकतो. मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये डिव्हिजनमधली जागा क्लबाची असते, खेळाडू आले-गेले तरी जागा राहते. इथे जागा मिळवते ती पंधरा-सोळा मुलांची एक तुकडी. तेरा वर्षांखालच्या तालिकेवरून चौदा वर्षांखालच्या डिव्हिजन बांधायच्या असतात, पण मधल्या दोन महिन्यांत काही संघ मोडतात, काही नवे येतात, एखाद्या संघातली सगळ्यात चांगली चार मुलं मोठ्या क्लबाकडे निघून जातात. कागदावर दुसरा आलेला संघ सप्टेंबरात मैदानावर उतरतो तेव्हा तो तोच संघ उरलेला नसतो. म्हणून लीगची समिती उन्हाळ्यात क्लबांकडून नवे अर्ज मागवते. कोण येणार, कुठल्या डिव्हिजनमध्ये खेळायची इच्छा, कोण सोडून गेलं. मग तालिका समोर ठेवून, पण फक्त तालिकेवर न थांबता, समिती संघ बसवते. बऱ्याच लीगच्या नियमांत हा अधिकार समितीला स्पष्ट दिलेला असतो.

यामुळे पालकांना कोड्यात टाकणाऱ्या गोष्टी घडतात. शेवटून दुसरा आलेला संघ खाली जात नाही, कारण वरचा एक संघ मोडला आणि जागा भरायची होती. पहिला आलेला संघ वर जात नाही, कारण त्याच क्लबाचा दुसरा संघ वरच्या डिव्हिजनमध्ये आधीच आहे आणि काही लीग एका क्लबाचे दोन संघ एकाच डिव्हिजनमध्ये ठेवत नाहीत. बारा वर्षांखालच्या पहिल्या मोसमात तर समितीसमोर जाहीर तालिकाच नसते. कोच काय सांगतात, सुरुवातीचे सामने कसे जातात, यावर अंदाजानं बसवावं लागतं, आणि म्हणून त्या वर्षी दहा-शून्यचे निकाल जास्त दिसतात. यात कोचची लबाडीही चालते. आपला संघ दुबळा आहे असं सांगून खालची डिव्हिजन मागायची आणि मग वर्षभर इतरांना चिरडत ढाल उचलायची. समितीतली जुनी माणसं असे क्लब ओळखून असतात, पण दरवेळी पकडतातच असं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आपाचा पुन्हा फोन. वरच्या डिव्हिजनमधला एक संघ मोडला होता. जागा रिकामी होती, आणि तिसरे आलेले म्हणून लीगनं लाल संघाला विचारलं होतं : येता का वर? चार दिवसांत उत्तर हवं.

"यात विचारायचं काय?" मी म्हटलं.

"विचारायचं आहे," आपा म्हणाली. गोलरक्षकाचं घर लेस्टरला चाललं होतं. मधल्या फळीतल्या दोघांना दुसऱ्या क्लबानं नेलं होतं. कोचनं पालकांना रविवारी मैदानावर बोलावलं. थर्मासमधला चहा होता, एकीनं समोसे आणले होते. अर्धे म्हणत होते, एका गोलानं हुकलेलं समोरून चालत आलंय, घ्या. अर्धे म्हणत होते, तिथे पोरं दर आठवड्याला पाच-सहा गोल खाऊन घरी येतील. कोचनं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि मग एक गोष्ट केली जी मी सचिव असताना कधी सुचली नव्हती. बाजूला चेंडू खेळत असलेल्या मुलांना बोलावून त्यांनाच विचारलं. गोलरक्षक कोण होणार, ते आधी सांगा, म्हणाला, मग बाकीचं.

माझ्या भाच्यानं हात वर केला. आजवर तो पुढच्या फळीत खेळत आला होता.

सप्टेंबरपासून ते वरच्या डिव्हिजनमध्ये आहेत. पहिल्या सामन्यात त्यानं चार गोल खाल्ले. आपा आता दर रविवारी रात्री फोन करते, आणि गुण सांगायच्या आधी P चा रकाना वाचून दाखवते.